सुझुकी कपलिंग पहिल्यांदा लावताय? आधी सायकल समजून घ्या, मग फ्लास्क चढवा

माझी पहिली सुझुकी एमएस्सीच्या प्रोजेक्टमधली. सरांनी पेपरची झेरॉक्स हातात दिली, म्हणाले सोपी रिअ‍ॅक्शन आहे, रात्रभर लाव, सकाळी कॉलम टाक. सकाळी येऊन बघतो तर फ्लास्कमध्ये काळा गाळ, कडेला आरशासारखा चकचकीत थर, आणि टीएलसीवर स्टार्टिंग मटेरियल जसंच्या तसं. मी लगेच कॅटॅलिस्टला दोष दिला, सीनियरकडून नवीन बाटली मागून आणली, परत तेच केलं आणि परत तेच झालं. कॅटॅलिस्ट चांगलाच होता, मारत मी होतो, तो पण आत टाकल्यावर पहिल्या दहा मिनिटांत. हे कळायला दोन आठवडे गेले, कारण रेसिपी माझ्याकडे होती पण आत काय चालतं ते परीक्षेपुरतं पाठ केलेलं होतं. म्हणून इथे एकच उदाहरण घेतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि प्रत्येक ठिकाणी सांगतो की हे सायकलच्या कुठल्या पायरीसाठी करतोय.

रिअ‍ॅक्शन अशी आहे. एका बाजूला अरिल हॅलाइड, म्हणजे बेंझीन रिंगवर ब्रोमीन किंवा आयोडीन. दुसऱ्या बाजूला अरिल बोरॉनिक अ‍ॅसिड, म्हणजे रिंगवर B(OH)2. मध्ये थोडासा पॅलेडियम, सोबत बेस आणि पाणी. ब्रोमीन जातो, बोरॉन जातो, दोन रिंग एकमेकींना जोडल्या जातात आणि बायअरिल मिळतं. जपानमधल्या होक्काइडो विद्यापीठात अकिरा सुझुकी आणि नोरियो मियाउरा यांनी १९७९ मध्ये बोरॉन वापरून पॅलेडियम कपलिंग दाखवलं, बोरॉनिक अ‍ॅसिडवालं हे रूप १९८१ चं, आणि २०१० चं नोबेल सुझुकींना हेक आणि नेगिशी यांच्यासोबत मिळालं. इतिहास एवढा पुरे.

आपलं उदाहरण: ४-ब्रोमोअ‍ॅसिटोफेनोन आणि फिनाइलबोरॉनिक अ‍ॅसिड, प्रॉडक्ट ४-अ‍ॅसिटाइलबायफिनाइल. हेच का घेतलं ते पायरी २ मध्ये येईल.

१. काय काय लागेल

५ मिलिमोलचा हिशोब देतो, म्हणजे शेवटी हातात बघण्यासारखं काहीतरी येतं.

- ४-ब्रोमोअ‍ॅसिटोफेनोन, ९९५ मिग्रॅ, ५ मिलिमोल
- फिनाइलबोरॉनिक अ‍ॅसिड, ७३२ मिग्रॅ, ६ मिलिमोल, म्हणजे १.२ इक्विव्हॅलंट
- पोटॅशियम कार्बोनेट, १.३८ ग्रॅम, १० मिलिमोल
- टेट्राकिस, म्हणजे Pd(PPh3)4, ११६ मिग्रॅ, ०.१ मिलिमोल, म्हणजे २ मोल टक्के
- १,४-डायऑक्झेन १५ मिली आणि पाणी ५ मिली
- १०० मिलीचा दोन तोंडांचा आरबी, कंडेन्सर, सेप्टम, लांब सुई, नायट्रोजनची लाइन किंवा फुगा, ऑइल बाथ, चांगला फिरणारा मॅग्नेट
- वर्कअपला इथाइल अ‍ॅसिटेट, ब्राइन, सोडियम सल्फेट, सेलाइट

बाटल्या उघडताना दोन गोष्टी बघा. टेट्राकिस पिवळाधमक हवा. तपकिरी, नारिंगी किंवा हिरवट झाला असेल तर हवेने त्याचं काम केलेलं आहे, नवीन शोधा. बाटली फ्रीजमध्ये नायट्रोजनखाली ठेवतात, आणि बाहेर काढल्यावर रूम टेम्परेचरला येईपर्यंत झाकण उघडायचं नाही, नाहीतर थंड पावडरवर पाणी बसतं. दुसरं म्हणजे डायऑक्झेन. जुन्या, अर्ध्या रिकाम्या बाटलीत पेरॉक्साइड तयार झालेले असतात, ते फॉस्फिन पण खातात आणि बोरॉनिक अ‍ॅसिडचं फिनॉल पण करतात. पेरॉक्साइड स्ट्रिपने बघा, आणि सगळं फ्यूम हूडमध्येच करा, डायऑक्झेन हुंगायची वस्तू नाही.

बोरॉनिक अ‍ॅसिडच्या बाटलीचं एक वेगळंच नाटक असतं. ठेवून ठेवून त्याचे तीन रेणू पाणी सोडून एकमेकांना चिकटतात आणि बोरॉक्सिन नावाची रिंग होते. एनएमआर काढला तर दोन-दोन सेट दिसतात आणि नवा माणूस घाबरतो की माल खराब आहे. खराब नसतो. डीएमएसओमध्ये नमुना घेऊन एक थेंब D2O टाका, बोरॉक्सिन परत अ‍ॅसिड होतं आणि एकच सेट उरतो. आपल्या फ्लास्कमध्ये पाणी आहेच, तिथेही हेच होतं. वजनात मात्र फरक पडतो, पूर्ण बोरॉक्सिन झालेले ७३२ मिग्रॅ म्हणजे ६ नाही तर साधारण ७ मिलिमोल फिनाइल. आपल्याला जास्त झालं तर चालतं, उलटं असेल, म्हणजे माल ओलसर असेल तर कमी पडतं, आणि १.२ इक्विव्हॅलंट घेण्याचं एक कारण हेच.

२. आत काय होणार आहे ते आधी डोक्यात बसवा

टेट्राकिसमध्ये पॅलेडियमभोवती चार फॉस्फिन गर्दी करून बसलेले असतात, १८ इलेक्ट्रॉन, भरलेली बस. या अवस्थेत तो कोणाशीच काही करत नाही. सोल्युशनमध्ये गेल्यावर दोन फॉस्फिन उतरतात आणि १४ इलेक्ट्रॉनवाला Pd(PPh3)2 उरतो. काम करणारा गडी तो. बाटलीतला पिवळा पदार्थ कॅटॅलिस्ट नाही, कॅटॅलिस्टचं गोदाम आहे. आणि हा १४ इलेक्ट्रॉनवाला भुकेला असतो, समोर ब्रोमाइड आलं तर ब्रोमाइड धरेल, ऑक्सिजन आला तर ऑक्सिजन धरेल. माझी पहिली रिअ‍ॅक्शन इथेच गेली.

पहिली पायरी, ऑक्सिडेटिव्ह अ‍ॅडिशन. पॅलेडियम कार्बन आणि ब्रोमीनच्या मधे घुसतो, बाँड तुटतो, दोघेही पॅलेडियमवर बसतात. पॅलेडियम झिरोचा टू होतो. कार्बन-आयोडीन बाँड सगळ्यात कच्चा, मग ब्रोमीन, मग क्लोरीन, त्यामुळे आयोडाइड पटकन, ब्रोमाइड गरम केल्यावर आरामात, आणि साधं क्लोराइड ट्रायफिनाइलफॉस्फिनबरोबर जवळजवळ नाहीच. ट्रायफ्लेट साधारण ब्रोमाइडच्या जवळपास. रिंगवर काय बसलंय त्यानेही फरक पडतो. इलेक्ट्रॉन ओढणारा गट समोर असेल तर पॅलेडियमला घुसायला सोपं जातं. आपल्या उदाहरणात अ‍ॅसिटाइल गट अगदी समोर, पॅराला बसलाय आणि इलेक्ट्रॉन ओढतोय, म्हणून ही पायरी पटकन होते. पहिल्यांदा लावणाऱ्याने असंच सबस्ट्रेट घ्यावं, कारण मग काही बिघडलं तर संशय या पायरीवर घ्यावा लागत नाही.

दुसरी पायरी, ट्रान्समेटलेशन. बोरॉनवरची फिनाइल रिंग पॅलेडियमवर जाते. सगळ्यात गैरसमज असलेली पायरी हीच आणि तिच्याबद्दल पायरी ५ मध्ये जरा सविस्तर बोलतो, कारण बेस कशासाठी घालतात ते तिथे कळतं.

तिसरी, रिडक्टिव्ह एलिमिनेशन. आता पॅलेडियमवर दोन्ही रिंग आहेत. त्या शेजारी-शेजारी, म्हणजे सिस असल्या की एकमेकींचा हात धरून बाहेर पडतात, पॅलेडियम परत झिरो होतो आणि पुढचं ब्रोमाइड पकडायला मोकळा. समोरासमोर असतील तर आधी जागा बदलायला लागते. दोन अरिल असताना ही पायरी सहसा अडत नाही, मला तरी हिने कधी त्रास दिलेला नाही.

३. ऑक्सिजन काढा, आणि कॅटॅलिस्टच्या आधी काढा

फ्लास्कमध्ये ब्रोमाइड, बोरॉनिक अ‍ॅसिड आणि डायऑक्झेन घ्या. पोटॅशियम कार्बोनेट वेगळ्या छोट्या फ्लास्कमध्ये ५ मिली पाण्यात पूर्ण विरघळवून मग ओता, घन कार्बोनेट तसंच ढकललं तर तळाशी गोळा होऊन बसतं. कधी कधी कार्बोनेटमुळे पाणी आणि डायऑक्झेन वेगळे होऊन दोन थर दिसतात, घाबरू नका, फक्त मॅग्नेट जोरात फिरला पाहिजे, कारण बेस खालच्या थरात आहे आणि बाकी मंडळी वरच्या.

आता सेप्टममधून लांब सुई आत घाला, टोक द्रवाच्या तळापर्यंत. हे टोक वर लटकत राहिलं तर तुम्ही फक्त वरची हवा बदलताय, विरघळलेला ऑक्सिजन आतच आहे. दुसरी छोटी सुई गॅस बाहेर जायला लावा, ही विसरलात तर सेप्टम उडतो आणि डायऑक्झेन हूडच्या काचेवर. नायट्रोजनचे बुडबुडे १५ ते २० मिनिटं सोडा.

त्यानंतर, म्हणजे त्यानंतरच, टेट्राकिस. नायट्रोजनचा प्रवाह चालू ठेवून बाजूचं तोंड क्षणभर उघडा, वजन केलेली पावडर एकदम टाका, बंद करा. अजून पाचेक मिनिटं बुडबुडे, मग सुई द्रवाच्या वर ओढा, बाहेर जाणारी सुई काढा, कंडेन्सरवर नायट्रोजनचा फुगा ठेवा.

मी पहिल्यांदा काय केलं होतं? पेपरमध्ये ओळ होती की सगळे पदार्थ घेऊन मिश्रण डीगॅस केलं. मी सगळे म्हणजे सगळे घेतले, टेट्राकिससकट, हवेतच, मग सुई शोधायला दुसऱ्या लॅबमध्ये गेलो आणि दहा मिनिटांनी आलो. तोपर्यंत पिवळा रंग मळकट झाला होता. मला वाटलं विरघळतोय.

ऑक्सिजनचं आणखी एक पाप आहे. पॅलेडियम झिरोने ऑक्सिजन धरला की जे कॉम्प्लेक्स होतं त्याच्यावर दोन बोरॉनिक अ‍ॅसिड येऊन आपापसात जुळतात, म्हणजे बायफिनाइल. याला होमोकपलिंग म्हणतात. आपण बोरॉनिक अ‍ॅसिड १ मिलिमोल जास्त घेतलंय, ते सगळं असं गेलं तर अर्धा मिलिमोल म्हणजे ७७ मिग्रॅ बायफिनाइल. त्याहून जास्त मिळालं तर ते आता तुमच्या हिश्श्यातलं खातंय आणि ब्रोमाइडला जोडीदार उरणार नाही.

पॅलेडियम अ‍ॅसिटेटने लावणाऱ्यांसाठी एक टीप. तो पॅलेडियम टू आहे, सायकलमध्ये शिरायला आधी झिरो व्हायला लागतं. फॉस्फिन असेल तर एक फॉस्फिन स्वतः ऑक्साइड होऊन ते करून देतं, नाहीतर दोन बोरॉनिक अ‍ॅसिड होमोकपल होऊन करून देतात. म्हणून थोडंसं बायफिनाइल ऑक्सिजन पूर्ण काढला तरी येणारच. २ मोल टक्के पॅलेडियमला २ मोल टक्क्यांच्या आसपास असेल तर ते त्या सुरुवातीचं भाडं आहे, चूक शोधत बसू नका.

४. गरम करा आणि रंग बघत रहा

ऑइल बाथ ९० अंशांवर. डायऑक्झेन आणि पाण्याचं मिश्रण ८८ अंशांच्या जवळ उकळतं, त्यामुळे आतलं तापमान ८५ च्या आसपास राहतं. बाथ १२० करून काही मिळत नाही, फक्त रिफ्लक्स जोरात होतो.

रंगावरून बरंच कळतं. सुरुवातीला पिवळं, मग पिवळट नारिंगी किंवा हलकं तपकिरी, आणि असंच तासभर राहिलं तर सायकल फिरतेय. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच काळं झालं तर पॅलेडियमचे अणू एकमेकांना चिकटून धातू झाला, त्याला पॅलेडियम ब्लॅक म्हणतात, आणि तो परत येत नाही. पण शेवटी काळं होणं वेगळं. ब्रोमाइड संपत आलं की पॅलेडियम झिरोला धरायला काही उरत नाही, मग तो मोकळा फिरून धातू होतो, म्हणून दोन-तीन तासांनी एकदम काळं झालं तर आधी टीएलसी बघा, बऱ्याचदा रिअ‍ॅक्शन पूर्ण झालेली असते.

५. बेस नक्की काय करतो

परीक्षेत आम्ही लिहायचो की बेस बोरॉनला सक्रिय करतो. न्यूट्रल बोरॉनिक अ‍ॅसिडच्या बोरॉनवर रिकामा ऑर्बिटल आहे, हायड्रॉक्साइड येऊन बसला की ऋण बोरोनेट होतो, मग त्याची रिंग पॅलेडियमकडे जायला तयार. चित्र छान आहे, चुकीचंही नाही, पण अर्धं आहे.

दुसरी वाट अशी की हायड्रॉक्साइड आधी पॅलेडियमवर जातो, ब्रोमाइडला हटवून पॅलेडियम-हायड्रॉक्सो तयार होतो, आणि त्याच्या ऑक्सिजनवर न्यूट्रल बोरॉनिक अ‍ॅसिडचा बोरॉन येऊन बसतो. २०११ मध्ये कॅरो आणि हार्टविग यांनी दोन्ही वाटांचे तुकडे वेगवेगळे बनवून वेग मोजले. फॉस्फिनवाल्या त्या सिस्टिममध्ये हायड्रॉक्सो आणि न्यूट्रल अ‍ॅसिडची जोडी, ब्रोमाइड आणि बोरोनेटच्या जोडीपेक्षा हजारो पट वेगवान निघाली. मग २०१६ मध्ये थॉमस आणि डेनमार्क यांनी खूप थंड तापमानाला एनएमआरमध्ये पॅलेडियम-ऑक्सिजन-बोरॉन अशी साखळी असलेले रेणू प्रत्यक्ष पाहिले आणि दाखवलं की बोरॉनवर तीन गट असोत किंवा चार, तिथून रिंग पलीकडे जाऊ शकते.

आपल्याला याचा काय उपयोग? खूप. एक, पाणी हे नुसतं सॉल्व्हंट नाही, हायड्रॉक्साइड तिथून येतो. पेपरमध्ये ड्राय डायऑक्झेन लिहिलेलं बघून पाणीच न घालणारे मी पाहिलेत, आणि मग ते कार्बोनेट तळाशी बसलेलं बघत बसतात. दोन, बेस जितका तीव्र तितकं चांगलं असं नाही. फिनाइलबोरॉनिक अ‍ॅसिडचा पीकेए ९ च्या जरा खाली आहे, त्यामुळे कार्बोनेटमध्ये थोडं न्यूट्रल, थोडं बोरोनेट असं दोन्ही राहतं आणि कुठलीही वाट घ्यायला मोकळीक असते. भरपूर सोडियम हायड्रॉक्साइड ओतला तर जवळजवळ सगळं बोरोनेट होतं, आणि वर तुमच्या रेणूत एस्टर वगैरे असेल तर तो पण फुटतो. तीन, ब्रोमाइड आयन पॅलेडियमवरून हटायला लागतो, आयोडाइड तर जास्तच चिकट. म्हणूनच कधी कधी आयोडाइड सबस्ट्रेट पहिल्या पायरीत वेगवान असूनही पूर्ण रिअ‍ॅक्शन ब्रोमाइडपेक्षा रेंगाळते. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा वाटलं बाटलीवरची लेबलं बदलली गेली.

६. टीएलसी नीट घ्या, इथे फसायला होतं

तासाभराने सिरिंजने दोन-तीन थेंब काढा, नायट्रोजन चालू ठेवूनच. ते थेट प्लेटवर लावू नका, डायऑक्झेन आणि कार्बोनेटमुळे रेघ ओढल्यासारखं दिसतं. छोट्या व्हायलमध्ये थोडं इथाइल अ‍ॅसिटेट आणि पाणी घालून हलवा, वरचा थर लावा. सिस्टिम हेक्झेन आणि इथाइल अ‍ॅसिटेट ९:१. शेजारी ब्रोमाइड, आणि मधे दोघांचा को-स्पॉट.

खड्डा हा आहे की ब्रोमाइड आणि प्रॉडक्ट दोन्ही कीटोन आहेत आणि जवळजवळ पळतात. को-स्पॉट नसेल तर झाली की नाही झाली सांगता येत नाही. प्लेट एकदा चालवून वाळवून परत चालवली तर जरा वेगळे होतात. यूव्हीखाली सगळ्यात वर एक डाग दिसेल तो बायफिनाइल. खात्री करायची असेल तर प्लेट डीएनपीच्या स्टेनमध्ये बुडवा, कीटोन असलेले दोन्ही डाग पिवळे-नारिंगी होतात, बायफिनाइल होत नाही, त्याच्याकडे कीटोन नाहीच. बोरॉनिक अ‍ॅसिड खाली लांब शेपटीसारखं ओढलं जातं.

जीसी-एमएस मिळत असेल तर हा सगळा त्रास वाचतो. ब्रोमाइड १९८ आणि २०० असे जुळे पीक देतो, जवळजवळ सारख्या उंचीचे, ते ब्रोमीनचं आधार कार्ड. प्रॉडक्ट १९६ ला एकटा. १२० ला काही दिसलं तर ते अ‍ॅसिटोफेनोन, म्हणजे ब्रोमीनच्या जागी हायड्रोजन आला. हे बहुधा सॉल्व्हंटमध्ये इथेनॉल किंवा आयसोप्रोपेनॉल असताना होतं, अल्कोहोल पॅलेडियमला हायड्राइड देऊन टाकतं.

या सबस्ट्रेटला दोन ते चार तास पुरतात. रात्रभर ठेवायची गरज नाही, सरांना सांगा मी सांगितलंय.

७. अडली तर कुठे अडली

अर्धा ब्रोमाइड शिल्लक आहे आणि दोन तासांत काहीच हललेलं नाही, अशी वेळ येतेच. बहुतेक जण इथे अजून कॅटॅलिस्ट ओततात. थांबा. रिअ‍ॅक्शनमधून एकेक मिली नायट्रोजन भरलेल्या दोन व्हायलमध्ये काढा. एकात चिमूटभर नवीन टेट्राकिस, दुसऱ्यात थोडं नवीन बोरॉनिक अ‍ॅसिड. दोन्ही तासभर गरम करा आणि टीएलसी घ्या. कॅटॅलिस्टवाली व्हायल पुढे सरकली तर पॅलेडियम मेलाय, म्हणजे ऑक्सिजन किंवा पेरॉक्साइड, पायरी ३ परत वाचा. बोरॉनवाली सरकली तर पॅलेडियम जिवंत आहे आणि वाट बघत बसलाय, तुमचं बोरॉनिक अ‍ॅसिड दुसरीकडेच संपलं. दोन्ही हलल्या नाहीत तर पाणी-बेस बघा, मॅग्नेट खरंच फिरतोय का बघा, हसू नका.

बोरॉनिक अ‍ॅसिड संपायचे तीन रस्ते: बायफिनाइल, फिनॉल, आणि प्रोटोडिबोरोनेशन, म्हणजे बोरॉन जाऊन तिथे साधा हायड्रोजन. फिनाइलला हा तिसरा फारसा होत नाही, पण काही रिंग याच्यासाठी बदनाम आहेत. माझे तीन आठवडे २-पिरिडिलबोरॉनिक अ‍ॅसिडने खाल्ले. पॅलेडियम बदलला, लायगँड बदलला, बेस बदलला, दर वेळी ब्रोमाइड शंभर टक्के परत. ते अ‍ॅसिड गरम पाण्यात मिनिटभरसुद्धा धड टिकत नाही, ट्रान्समेटलेशनची पाळी येईपर्यंत पिरिडिन होऊन गेलेलं असतं. शेवटी एका पीएचडीवाल्या ताईने बघितलं आणि विचारलं, उलटं का नाही करत? म्हणजे २-ब्रोमोपिरिडिन घे आणि बोरॉन दुसऱ्या रिंगवर ठेव. दुसऱ्या दिवशी रिअ‍ॅक्शन झाली. तेव्हापासून मी कागदावर बाँड तोडताना आधी विचारतो की बोरॉन कुठल्या बाजूला जास्त जगेल, ब्रोमीनचं नंतर बघू. दोन्ही ऑर्थो जागांवर फ्लोरीन असलेल्या रिंगांचंही असंच, बोरॉन तिथे ठेवू नका.

८. वर्कअप, आणि जास्त वजन आलं तर खुश होऊ नका

थंड करा, ३० मिली इथाइल अ‍ॅसिटेट आणि २० मिली पाणी घाला, सेलाइटच्या पॅडवरून गाळा म्हणजे काळं वर राहील. न गाळता सेपरेटिंग फनेलमध्ये ओतलं तर काळा थर मधोमध अडकतो आणि दोन थरांची सीमाच दिसत नाही. थर वेगळे करा, पाण्याचा थर अजून एकदा इथाइल अ‍ॅसिटेटने काढा, एकत्र करून थंड १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने एकदा धुवा, उरलेलं बोरॉनिक अ‍ॅसिड बोरोनेट होऊन पाण्यात जातं. मग ब्राइन, सोडियम सल्फेट, रोटा.

थिअरीप्रमाणे ९८१ मिग्रॅ प्रॉडक्ट यायला हवं. क्रूड ११०० आलं म्हणून फोटो काढू नका. ०.१ मिलिमोल टेट्राकिसमध्ये ०.४ मिलिमोल फॉस्फिन आहे, ते सगळं ऑक्साइड झालं तर १११ मिग्रॅ ट्रायफिनाइलफॉस्फिन ऑक्साइड होतं. वजन वाढवणारा पाहुणा बहुधा हाच. कॉलम हेक्झेनने सुरू करा, बायफिनाइल आधी निघून जातं, मग ५ टक्के इथाइल अ‍ॅसिटेटवर प्रॉडक्ट. फॉस्फिन ऑक्साइड पोलर आहे, वर सिलिकात चिकटून राहतं. ब्रोमाइड पूर्ण संपलेलं असेल तर कॉलमऐवजी इथेनॉलमधून क्रिस्टल काढले तरी चालतात, पांढरे चकचकीत येतात, वितळणबिंदू १२० च्या जरा खाली. ब्रोमाइड स्वतः ५० च्या आसपास वितळतं, त्यामुळे वितळणबिंदू पसरट किंवा बराच खाली आला तर काय उरलंय ते उघड आहे.

प्रोटॉन एनएमआरमध्ये, क्लोरोफॉर्ममध्ये, मिथाइल २.६ च्या थोडं पुढे एकटा, ८.०३ ला दोन प्रोटॉनचा डब्लेट, आणि ७.४ ते ७.७ मध्ये बाकीचे सात. ७.८२ ला डब्लेट दिसला तर तो ब्रोमाइडचा. ७.५ ते ७.७ मध्ये अरोमॅटिकची बेरीज जास्त भरत असेल तर फॉस्फरस एनएमआर घ्या, ऑक्साइड ३० पीपीएमच्या अलीकडे उभा दिसतो.

सेलाइटचा काळा पॅड वाळवून कचऱ्यात टाकू नका. बारीक पॅलेडियम आणि सॉल्व्हंटची वाफ एकत्र आली की पेटू शकतं. पाण्याने ओला ठेवून हेवी मेटलच्या वेगळ्या डब्यात.

९. हे जमलं, आता स्वतःचं सबस्ट्रेट

पुढचं म्हणून ४-ब्रोमोअ‍ॅनिसोल घेऊन बघा, बाकी सगळं तेच ठेवा. मेथॉक्सी इलेक्ट्रॉन देतो, त्यामुळे पॅलेडियमला घुसायला जड जातं आणि तेवढ्याच तापमानाला जास्त तास लागतात. एका गटाच्या बदलाने पहिली पायरी मंदावलेली घड्याळावर दिसते, आणि त्या जास्त तासांत बोरॉनिक अ‍ॅसिड जास्त वाया जातं म्हणून १.२ ऐवजी १.५ इक्विव्हॅलंट घ्या.

क्लोराइड असेल तर टेट्राकिसबरोबर झगडू नका. तिथे मोठे, इलेक्ट्रॉन भरपूर देणारे फॉस्फिन लागतात, एसफॉस, एक्सफॉस किंवा ट्राय-टर्ट-ब्युटाइलफॉस्फिन. ते इतके धिप्पाड असतात की पॅलेडियमवर एकच बसतो, आणि तो एकटा पॅलेडियम क्लोराइडमध्येही घुसतो. यातलं ट्राय-टर्ट-ब्युटाइलफॉस्फिन हवेत तापतं, पेट घेऊ शकतं, त्यामुळे ते सुटं न घेता टेट्राफ्लोरोबोरेट मीठ मागवा, फ्लास्कमध्ये बेस आहेच, तो त्याला मोकळं करतो.